एकादशीची रात्र आणि संकष्टीची सकाळ

ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात सकाळी कोण काय बोलतं हे मी फारसं मनावर घेत नाही, पण संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी समोर बसलेल्या एका बाईंनी जांभई देत जे म्हटलं ते मात्र डोक्यातून जाईना. "एकादशीला रात्री झोप येत नाही आणि संकष्टी झाली की सकाळी उठवत नाही, करायचं काय माणसाने!" शेजारची हसली, ऐरोली आलं, दोघी उतरल्या. मला घणसोलीपर्यंत जायचं होतं, त्यामुळे पुढची दोन स्टेशनं मी त्याच वाक्यावर अडकून बसले. कारण अगदी हेच आमच्या घरात होतं. उपवास तोच, साबुदाणा तोच, दाण्याचा कूट त्याच डब्यातला, मग एक उपवास रात्र खातो आणि दुसरा सकाळ, असं कसं? मी दहा वाजता मीटिंगमध्ये बसून डोळे उघडे ठेवायची धडपड करत होते आणि घरी सासूबाई, ज्यांनी माझ्यापेक्षा कडक उपवास केला होता, त्या म्हणे दुपारपर्यंत आडव्याच होत्या. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी याच बाई पहाटे उठून माळा साफ करायला काढतात.

संकष्टीची संध्याकाळ आमच्याकडे, म्हणजे नौपाड्यातल्या बऱ्याच घरांमध्ये, साधारण सारखीच असते. दिवसभर खिचडी, केळं, चहा, परत चहा. साडेसातला मी घरी पोचते तेव्हा कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात, उकड काढलेली असते, गूळखोबऱ्याचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो आणि पोटात अक्षरशः आग पडलेली असते. पण चंद्र उगवल्याशिवाय जेवायचं नाही. आणि चंद्र काय आपल्या सोयीने उगवत नाही, पौर्णिमेला तो सूर्य मावळताना वर येतो आणि मग रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशीर करत जातो, त्यामुळे चतुर्थीपर्यंत बराच उशीर साचलेला असतो. त्यातही ऋतूचा फरक आहे, हे मला कालनिर्णयची पानं उलटताना कळलं. भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे साडेआठ-नऊला चंद्रोदय होतो आणि फाल्गुन-चैत्रात तोच दहाच्या आगेमागे जातो, कारण चंद्राचा मार्ग क्षितिजाला कधी तिरका भेटतो, कधी उभा. शिवाय कॅलेंडरवरची वेळ सपाट क्षितिजाची. आमच्या गच्चीवरून पूर्वेला आधी टॉवर आणि त्यांच्यामागे पारसिकचा डोंगर, तो ओलांडून चंद्र दिसायला आणखी थोडा वेळ. सासूबाई पावसाळ्यात ढग असले तर कॅलेंडरची वेळ मान्य करतात, पण उन्हाळ्यात स्वच्छ आकाश असताना चंद्र बघितल्याशिवाय अर्घ्य नाही म्हणजे नाही. मग आरती, नैवेद्य, आणि पानावर बसेपर्यंत सव्वादहा.

आणि ते पान! वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मोदक आणि त्यावर तूप सढळ हाताने, कारण दिवसभराचा उपवास. बारा तास रोखलेली भूक काही मोजून जेवत नाही. जेवताना जे सुख असतं ते मी नाकारणार नाही, महिन्यात असं एकही दुसरं जेवण नसतं ज्यात साधं वरण इतकं चांगलं लागतं. पण अकराला आपण आडवे होतो तेव्हा यातलं जवळपास सगळं अजून पोटातच असतं. नेहमीचं भरपेट जेवण पोटातून पूर्ण पुढे सरकायला चारेक तास लागतात, तूप आणि तळण जास्त असेल तर त्याहून जास्त. म्हणजे दोन-अडीचपर्यंत आतली गिरणी चालूच. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, नाडी मंदावी लागते, आणि पचनाचं काम नेमकं या दोन्हीच्या उलट ओढतं. वर आडवं झाल्यामुळे पोटातलं आम्ल अन्ननलिकेकडे चढायला मोकळं, म्हणून डॉक्टर जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा म्हणतात. संकष्टीला आमच्याकडे चाळीस मिनिटं असतात, तीही भांडी आवरण्यात जातात.

गंमत म्हणजे झोप पटकन लागते. दिवसभराचा थकवा, पोट तुडुंब, डोळे आपोआप मिटतात, म्हणून कोणालाच वाटत नाही की झोपेत काही बिघडलंय.

नवऱ्याला घड्याळाचं वेड आहे, मनगटावर बांधून झोपतो. ते घड्याळ "गाढ झोप इतके मिनिटं" वगैरे जे सांगतं त्यावर माझा फार विश्वास नाही, मनगटावरून मेंदूतलं काय कळणार, तो अंदाजच असतो. पण नाडी ते बऱ्यापैकी बरोबर मोजतं. एरवी त्याची नाडी झोपल्यावर लवकरच खाली येते आणि सकाळपर्यंत तिथेच रेंगाळते. संकष्टीच्या रात्री ती रेघ अडीच-तीनपर्यंत वरच, आणि मग कुठे उतरायला लागते, तोवर साडेपाचचा अलार्म जवळ आलेला. तास मोजले तर तेवढेच. म्हणून तो म्हणतो, "अगं, झोपलो की सहा तास", आणि बाथरूममध्ये दात घासता घासता भिंतीला टेकून उभा असतो.

यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे, 2020 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने केलेला. वीस निरोगी माणसं, तेच जेवण, एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला, झोपायची वेळ दोन्ही दिवशी अकरा. उशिरा जेवल्यावर रक्तातली साखर साधारण 18 टक्के जास्त चढली, रात्रभरात चरबी कमी वापरली गेली, कॉर्टिसोल वाढलेलं दिसलं. मला यातली दोन गोष्टी जास्त आवडल्या. एक म्हणजे झोपेच्या टप्प्यांमध्ये त्यांना फरक सापडला नाही, म्हणजे "उशिरा जेवलात तर झोप उडते" असं सरसकट कोणी सांगत असेल तर ते तितकं सरळ नाही. झोप होते, पण त्या झोपेच्या आत शरीर वेगळंच काम करत असतं. आणि दुसरी म्हणजे हा सगळा परिणाम ज्यांना लवकर झोपायची सवय आहे त्यांच्यात सगळ्यात ठळक होता. हे वाचलं आणि मला सासूबाई आठवल्या. त्या एरवी साडेसातला जेवून साडेनऊला अंथरुणात असतात. संकष्टीचं सव्वादहाचं ताट त्यांच्यासाठी माझ्या सव्वादहापेक्षा कितीतरी उशिराचं आहे, मी तर एरवीही साडेनऊला जेवते. आता त्या प्रयोगातली माणसं दिवसभर उपाशी नव्हती हे लक्षात ठेवायला हवं. उपवासाने आणखी एक भर पडते. बराच वेळ पोट रिकामं राहिलं की रक्तात चरबीची आम्लं वाढलेली असतात आणि त्यामुळे पुढच्या जेवणाच्या वेळी शरीर इन्सुलिनला थोडी कमी दाद देतं, शिवाय रात्री स्वादुपिंड तसंही सुस्तावलेलं असतं. तेव्हा मोदक दुपारी बाराला खाणं आणि रात्री सव्वादहाला खाणं, तेही दिवसभर उपाशी राहून, यात साखरेच्या दृष्टीने बराच फरक पडतो.

बरं, सगळं खापर ताटावर फोडणंही बरोबर नाही. चहा हा संकष्टीचा खरा छुपा गडी आहे. एरवी मी दिवसाला दोन कप घेणारी, उपवासाला चार-पाच होतात, कारण ऑफिसात दुसरं खायला काही नसतं आणि चहाने भूक मरते. शेवटचा कप घरी आल्यावर, चंद्राची वाट बघताना, साडेसात-आठला. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. म्हणजे आठच्या कपातलं अर्धं कॅफिन मध्यरात्री एकला अंगात फिरतंय. सासूबाई आयुष्यभर म्हणत आल्यात की चहाने त्यांना काही होत नाही, लगेच झोप लागते. लागतेच. कॅफिन असताना झोप लागू शकते, पण ती उथळ राहते आणि हे झोपलेल्याला कळायचं काही कारण नाही.

एकादशीची गोष्ट मात्र उलटी. एकादशी त्याच दिवशी सोडायची नसते, द्वादशीला सकाळी पारणं. त्यामुळे रात्री जेवण नाहीच. सासूबाई दुपारी एकदा खिचडी किंवा भगर खातात आणि रात्री फक्त कपभर दूध, कधी एखादा राजगिऱ्याचा लाडू. अंथरुणावर पडलं की पोट हलकं, जळजळ नाही, काही नाही, पण डोळा लागत नाही. मी आषाढी आणि कार्तिकी करते तेव्हा मलाही तो अनुभव येतो. अंधारात पडून शेजारच्या बिल्डिंगमधल्या पंपाचा आवाज, गोखले रोडवरून जाणारी एखादी बाईक, फ्रिजचं गुरगुरणं, सगळं जरा जास्तच स्पष्ट ऐकू येतं. मन मरगळलेलं नसतं, उलट टक्क जागं असतं. याला कारण आहे. मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक रसायन आहे, 1998 साली दोन वेगवेगळ्या गटांना जवळपास एकाच वेळी सापडलेलं, ते आपल्याला जागं ठेवतं. रक्तातली साखर उतरली आणि पोटातून भुकेचा निरोप आला की ते बनवणाऱ्या पेशी जास्त चेकाळतात, पोट भरलं की शांत होतात. प्राण्याच्या दृष्टीने बघितलं तर बरोबरच आहे, उपाशी जनावराने झोपून कसं चालेल, त्याने उठून शोधायला जायला पाहिजे. आपण मात्र शोधायला जायचं नाही असं ठरवून पडलेले असतो, म्हणून नुसतेच जागे.

त्यातून झोप लागलीच तर पहाटे तीन-साडेतीनला तुटते. रात्रभर रक्तातली साखर टिकवायचं काम लिव्हर करतं, त्याच्याकडे साठवलेला थोडा माल असतो तो सोडत राहतं, आणि तो कमी व्हायला लागला की अॅड्रेनलिन-कॉर्टिसोलसारखी मंडळी मदतीला येतात. कॉर्टिसोल तसंही पहाटे चढायला लागतं. एरवी आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, उपाशी असलं की जाग येते आणि मग छातीत जरा धडधड, डोक्यात उद्याच्या कामांची यादी. आणखी एक गोष्ट सासूबाई नेहमी सांगतात आणि मला ती पूर्वी खरी वाटायची नाही, की पाणी कमी प्यायलं तरी एकादशीला रात्री दोनदा उठावं लागतं. खरंच आहे. उपवासात इन्सुलिन कमी होतं, त्यामुळे किडनी जास्त मीठ बाहेर टाकते आणि मिठाबरोबर पाणी जातं. म्हणूनच सकाळी झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांचा सैंधव घातलेल्या ताकाचा पेला हा यावरचा अगदी योग्य उपाय आहे, फक्त त्या तो द्वादशीला सकाळी घेतात, मी म्हणते एकादशीला दुपारी पण घ्या.

मग सकाळी माळा साफ करायची ताकद कुठून येते? तर तीच, अॅड्रेनलिनची. झोप कमी झालेली असते पण अंग हलकं आणि डोकं लख्ख असतं, आणि आपल्याला वाटतं व्वा, उपवासाने काय तरतरी आली. ही उधारीची तरतरी पारण्यापर्यंत टिकते. दहाला पुरण-वरणाचं जेवण झालं की दुपारी दोनला त्या सोफ्यावर बसल्या बसल्या घोरतात. डब्यातल्या बाईंना हे उत्तर द्यायला हवं होतं, की संकष्टीनंतरचं आणि एकादशीनंतरचं थकणं ओळखायचं कसं हे सकाळी पहिल्या तासातच कळतं. तोंड आंबट किंवा कोरडं, जिभेवर थर, पोह्यांकडे बघवत नाही आणि डोकं जड, तर रात्रीचं जेवण नडलंय. भूक कडकडून लागलीय, डोकं साफ आहे, उभं राहताना गरगरतंय आणि दुपारनंतर एकदम बत्ती गुल, तर रात्रीची भूक नडलीय. दोन्हीवर "लवकर झोपायला हवं होतं" हा उपाय चालत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते कारण ती आमच्या मजल्यावर घडलीय. शेजारच्या काकूंना डायबेटीस, साखरेची गोळी चालू, इन्सुलिन वाढवणारी. एकादशीच्या रात्री दोन वाजता त्या घामाने भिजून उठल्या, उशी ओली, हात थरथरत होते, काहीतरी भयंकर स्वप्न पडलं म्हणाल्या. काकांना वाटलं वीज गेली होती म्हणून उकडलं असेल. मुलीने मशीन लावून बघितलं तर साखर 58. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, मग बिस्किटं. नंतर काकूच म्हणाल्या की आधीच्या एका-दोन एकादशींनाही सकाळी डोकं भयंकर दुखत उठल्या होत्या, पित्त समजून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसांसाठी गोळीचं वेगळं वेळापत्रक लिहून दिलं. मेटफॉर्मिन एकटं असेल तर असं सहसा होत नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आपल्या मनाने रात्र उपाशी काढणं हे झोपेच्या तक्रारीच्या कितीतरी पलीकडचं प्रकरण आहे. घामाने ओली उशी, वाईट स्वप्नं आणि सकाळची डोकेदुखी, ही तिन्ही उपवासाच्याच रात्री येत असतील तर मशीन उशाशी ठेवा.

आमच्यापुरतं बोलायचं तर चैत्रातल्या संकष्टीला मी सासूबाईंशी वाटाघाटी केल्या. चंद्रोदय दहाच्या पुढे होता. उपवास मोडायचा नाही, चंद्राआधी अन्न घ्यायचं नाही, हे त्यांचे मुद्दे मान्य. माझा मुद्दा एवढाच, की उपवासाचं जे चालतं ते सकाळी सगळं संपवून टाकू नका, संध्याकाळकडे सरकवा. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, साडेअकराची खिचडी दुपारी तीनला संपलेली असते आणि मग रात्रीपर्यंत चहाच. म्हणून सकाळी खिचडी थोडीच, दुपारी ताक आणि केळं, शेवटचा चहा तीनला. संध्याकाळी त्यांनी साडेसहाला आणि मी आल्या आल्या साडेसातला, एक वाटी भगर आणि दाण्याची आमटी. भुईमुगात प्रोटीन आणि चरबी दोन्ही, आमटी पोटात टिकते. पाणी आठपर्यंत भरपूर, नंतर घोट घोट. "चहा नाही म्हणजे डोकं धरणार माझं," त्या म्हणाल्या, आणि धरलंही थोडं, रोजच्या चहाबाजाने अचानक बंद केलं की धरतंच. म्हणून तीनचा कप ठेवलाय.

मोठं भांडण झालं ते ताटावरून. मी म्हटलं रात्री दोन घास वरणभात आणि एक मोदक, बास. "अगं, नैवेद्याचं पान अर्धं कसं वाढायचं? देवाला डाएट सांगणार का तू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मग नवऱ्याने तोडगा काढला की देवाचं पान पूर्ण वाढू, आपापली पानं ज्याने त्याने बघावी. साडेदहाला आम्ही तिघं जेवलो, भगर पोटात असल्यामुळे तुटून पडावंसं वाटलं नाही. मग ओटा आवरला, कपड्यांच्या घड्या घातल्या, साडेअकराला झोपलो, सासूबाईंना मी दोन उशा देऊन डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, कारण त्या कुशीवर पोट खाली आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं, आम्ल आलंच तर लवकर परत जातं. नवऱ्याच्या घड्याळातली रेघ त्या रात्री साडेबाराच्या सुमारालाच उतरली. सकाळी त्याने पोहे मागून खाल्ले. झोपेचे तास उलट कमीच झाले होते.

पण खरं सांगू का, त्या रात्री जेवण झाल्यासारखं वाटलं नाही. दिवसभर ताटकळून मग चौघांनी-पाचांनी एकदम तुटून पडायचं, मोदक फोडून त्यात तूप ओतायचं, "अजून एक घे गं, उपवास होता" असं म्हणत वाढायचं, ते सगळं जरा फिकं झालं. सासूबाईंनी ते बोलून दाखवलं नाही पण उरलेल्या मोदकांकडे त्यांनी दोनदा बघितलं. आता आमचं असं ठरलंय की आश्विनातल्यासारखा चंद्र लवकर असेल तेव्हा जुन्या पद्धतीने पोटभर, आणि दहाच्या पुढचा असेल तेव्हा भगर-आमटी आधी. अंगारकीला काय करायचं यावर अजून एकमत नाही, त्या दिवशी त्यांच्या बहिणी डोंबिवलीहून येतात आणि त्यांच्यापुढे अर्ध्या पानाचा विषय काढायची माझी हिंमत नाही. उरलेले मोदक मी दुसऱ्या दिवशी डब्यात नेते, अकराच्या चहाबरोबर ऑफिसात पाच मिनिटांत संपतात.